लेखापरीक्षकाचा अवेळी राजीनामा

कंपनीच्या कारभारातील गैरव्यवहाराची, भागधारकाला बाहेरून दिसू शकणारी एक खूण. वैधानिक लेखापरीक्षक मुदत संपण्याआधी, त्यातही वार्षिक निकालांच्या तोंडावर काम सोडतो, तेव्हा ती गंभीर मानतात. कंपनी कायद्यानुसार लेखापरीक्षण संस्थेला पाच-पाच वर्षांच्या दोन कार्यकाळांनंतर बदलावेच लागते. तो बदल या सदरात येत नाही.

भारतातील ठळक उदाहरण बडोद्याच्या मनपसंद बेव्हरेजेस या आंब्याचे पेय विकणाऱ्या कंपनीचे. सूचिबद्ध कंपनीला वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत द्यावे लागतात. २०१८ मध्ये त्याच्या अवघे काही दिवस आधी डेलॉइटने राजीनामा दिला. वारंवार मागूनही महत्त्वाची माहिती मिळाली नाही, हे त्याचे कारण होते. बाजार उघडताच समभाग २० टक्क्यांनी कोसळला. वर्षभराने, मे २०१९ मध्ये, बनावट कंपन्या दाखवून वस्तू व सेवा कर चुकवल्याच्या आरोपावरून कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली.

राजीनाम्यात नेमके कारण लिहिणे हे त्या काळात विरळच. ‘अन्य कामांचा व्याप’ किंवा ‘शुल्क परवडत नाही’ असेच सहसा लिहिले जाई. वर्षभर परवडलेले शुल्क मे महिन्यात परवडेनासे का होते, हा प्रश्न भागधारकाने विचारायलाच हवा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबीने ही पळवाट अरुंद केली. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत राजीनामा देणाऱ्याला त्या तिमाहीचा अहवाल देऊनच जाता येते. त्यानंतर देणाऱ्याला पुढच्या तिमाहीचाही द्यावा लागतो. वर्षाच्या पहिल्या तीन तिमाहींवर सही केली असेल, तर पूर्ण वर्षाचे लेखापरीक्षण त्यालाच करावे लागते. कंपनी माहिती देत नसेल, तर मत देण्यास असमर्थ असल्याचे अहवालात नोंदवायचे. मात्र वर्षअखेरीचा अहवाल देऊन, मोघम कारण लिहून निघून जाणाऱ्याला हा नियम अडवत नाही.

ही खूण सहसा एकटी येत नाही. निकाल लांबणे ही तिची सोबतीण. दुसरी खूण संबंधित पक्षांशी व्यवहारांची. वार्षिक अहवालातील त्या टिपेत प्रवर्तकांच्या खासगी कंपनीला दिलेले कर्ज दरवर्षी वाढत असेल आणि परत काहीच येत नसेल, तर पैसा कंपनीबाहेर जात असल्याची शंका घ्यावी.

उलट, राजीनामा नाही म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. सत्यममध्ये लेखापरीक्षक अखेरपर्यंत सही करत राहिले. तेथे पहिला इशारा मिळाला तो डिसेंबर २००८ मध्ये, प्रवर्तक कुटुंबाच्या मायटास कंपन्या विकत घेण्याच्या प्रस्तावातून. गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे तो काही तासांत मागे घ्यावा लागला आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची लेखी कबुली दिली.