‘या कबीकज’ आणि कसर

जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर कधी कधी ‘या कबीकज’ असे लिहिलेले दिसते. अनेकांना ते अल्लाहच्या नावांपैकी एखादे वाटते. मुळात कबीकज ही एक विषारी वनस्पती. पुढे ते किड्यांच्या राजाचे नाव मानले गेले आणि त्याची दुहाई दिली की कसर किताबाला शिवत नाही, असा समज रूढ झाला. गंमत म्हणजे अशा काही पानांतूनच कसरीने भोके पाडलेली आढळतात.

कसर का लागते, याचे उत्तर कागदाच्या घडणीत आहे. दख्खनमध्ये दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनत असे. शाई फुटू नये म्हणून हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटण्याची रीत होती. ही खळ म्हणजे पिष्ट, आणि तेच किड्यांचे अन्न.

पण भोक दिसले म्हणजे कीड जिवंत आहे असे नाही. किताब हलकेच झटकून पांढऱ्या कागदावर ठेवावा. दोन आठवड्यांनी खाली पुन्हा बारीक भुसा पडलेला दिसला, तर अळी आत आहे. असा किताब लगेच इतरांपासून वेगळा करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करतात आणि उणे २० अंशांवर किमान आठवडाभर गोठवतात. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही. नाहीतर हवेतली वाफ थंड पानांवर पाणी होऊन बसते. घरच्या फ्रीजला एवढी थंडी जमत नाही. चित्रे, सोन्याचे काम किंवा ताडपत्र असेल तर निर्णय संवर्धकाचाच.

गोठवल्याने कीड मरते, पण पावसाळ्याचा दमटपणा तसाच राहतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. ती ५० च्या आसपास स्थिर ठेवावी. कपाट भिंतीपासून हातभर दूर असावे, कारण ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतूनच येतात. ओलसर किताब उन्हात वाळवू नये. पाने वाकडी होतात. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात वाळवावा.

ताडपत्राचा स्वभाव वेगळा. फार कोरड्या हवेत ते तडकते. त्यावरची अक्षरे बहुधा लोखंडी लेखणीने कोरून त्यांत काजळी भरलेली असते, म्हणून ओल्या फडक्याने पुसले की काजळी निघून जाते. गवती चहाचे तेल अशा पत्रांना लावतात. तेच तेल हातकागदावर लावले तर कायमचा डाग पडतो. पत्र उचलताना दोरी ओढू नये, कारण भोकापासून चीर जाते. दोन्ही हातांनी खालून आधार द्यावा.

किताबालाही तसाच आधार लागतो. तो सपाट उघडू नये, दोन्ही बाजूंना उशी ठेवावी. हात धुतलेले आणि कोरडे हवेत. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय तर पूर्ण सोडायला हवी. ‘या कबीकज’ लिहिलेले पान मात्र तसेच जपावे. तोही इतिहासच आहे.