घर बदलताना दूरचित्रवाणी संचाची काळजी

घर बदलण्याच्या धांदलीत दूरचित्रवाणी संच सर्वात शेवटी काढला जातो आणि नव्या घरी तोच सर्वात आधी लावण्याचा आग्रह होतो. या घाईत संचाचा पडदा फुटतो किंवा सारे काही जोडूनही चित्र उमटत नाही. हे टाळण्यासाठी पुढील क्रमाने काम करावे.

आठ दिवस आधी

जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हे प्रथम पाहावे. केबलचालकाचा सेट टॉप बॉक्स त्याच्याच जाळ्यावर चालतो. दुसऱ्या चालकाच्या केबलला तो जोडून उपयोग नसतो. त्यामुळे नवे घर त्याच्या क्षेत्राबाहेर असेल तर बॉक्स, ॲडॅप्टर व रिमोट परत करून पोच घ्यावी. अनामत भरली असेल तर त्याच वेळी ती मागावी. डीटीएचचा बॉक्स मात्र नव्या गावीही चालतो, फक्त छत्री तेथे नव्याने बसवावी लागते. कंपनीला पत्ताबदल कळवून छत्री काढण्याचा व बसवण्याचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

आदल्या दिवशी

तारा काढण्यापूर्वी संचाच्या व बॉक्सच्या मागील बाजूची छायाचित्रे काढावीत. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून ती कोठून कोठे जाते हे लिहावे. बॉक्सचा वीजपुरवठा बंद केल्याशिवाय छत्रीची तार काढू नये. बॉक्स याच तारेतून छत्रीवरील एलएनबीला वीज पुरवतो आणि चालू स्थितीत टोक धातूला टेकले तर बॉक्स बिघडू शकतो. तारांची सैलसर वेटोळी करावीत. छत्रीची जाड तार दुमडल्यास आतून खराब होते.

भिंतीवरील संच दोघांनी मिळून उतरवावा. त्याचे स्क्रू पिशवीत घालून वर ‘टीव्ही’ असे लिहावे. त्यांच्याऐवजी दुसरे लांब स्क्रू वापरल्यास ते आत घुसून संचाची हानी करतात. पडद्यावर मऊ कापड, त्यावर सपाट पुठ्ठा आणि मग गादी किंवा रजई असे थर द्यावेत. चिकटपट्टी पडद्याला लावू नये.

सामान नेताना

संच टेम्पोत उभाच ठेवावा. आडवा ठेवल्यास रस्त्यावरील धक्क्यांनी पडद्याची पातळ काच मध्ये तडकते. पडद्याची बाजू गादीकडे किंवा कपाटाच्या सपाट पाठीकडे असावी आणि संच दोरीने अडकवावा, मात्र दोरी पडद्यावरून आवळू नये. पावसाळी किंवा थंड प्रवासानंतर संच एक-दोन तास तसाच राहू द्यावा, म्हणजे आतील दमटपणा निघून जातो.

नव्या घरी

छत्री कोठे बसेल, हे सामान हलवण्यापूर्वीच पाहून यावे. महाराष्ट्रातून पाहता डीटीएचचे उपग्रह साधारणपणे आग्नेयेच्या आकाशात, बरेच उंच असतात. उदाहरणार्थ, दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश सेवेचा उपग्रह पुणे-नाशिक परिसरातून क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर असतो. समजा, पुण्याचे एक कुटुंब नाशिकला गेले. घराची बाल्कनी थेट आग्नेयेला आहे, समोर मोकळे आकाश आहे आणि वरच्या मजल्याची स्लॅब छत्रीपेक्षा दोन मीटर उंचावर आहे. अशा वेळी छत्री बाल्कनीच्या कडेपासून सुमारे एक मीटरपेक्षा आत बसवली, तर स्लॅबच उपग्रहाला झाकते. समोर इमारत नाही म्हणून निश्चिंत राहिलेली मंडळी येथे फसतात. कडेच्या कठड्यावर जागा नसेल तर गच्चीवर छत्री लावण्याची सोसायटीकडून परवानगी घ्यावी आणि तेवढी लांब तार आणावी.

चित्र न दिसल्यास दोष कोठे आहे, हे पडद्यावरूनच कळते. बॉक्सचा मेनू दिसत नसेल आणि संच स्वतःच ‘No Signal’ असे दाखवत असेल, तर दोष बॉक्स व संच यांच्या दरम्यान आहे. बॉक्स चालू आहे का, एचडीएमआयची तार घट्ट बसली आहे का आणि तार ज्या खाचेत आहे तीच संचावर निवडली आहे का, हे पाहावे. बॉक्सचा मेनू दिसतो, परंतु वाहिन्या येत नाहीत, अशा वेळी दोष छत्रीकडील तारेत किंवा दिशेत असतो. बॉक्स बंद करून तारेचे टोक तपासावे. मधली तांब्याची तार किंचित बाहेर असावी आणि बाहेरील जाळीचा एकही धागा तिला चिकटलेला नसावा. टोक ठीक असूनही सिग्नल येत नसेल तर छत्री स्वतः हलवू नये, तंत्रज्ञाला बोलवावे. दोन-तीन अंशांच्या फरकानेही सिग्नल जातो. सगळ्या वाहिन्या दिसेपर्यंत जुनी पावती व ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा.