मुंबई १ आणि मुंबई ७७

महात्मा गांधी रोड नावाचा रस्ता मुंबईत एक नाही. फोर्टात आहे, घाटकोपर पूर्वेला आहे, पार्ल्यात आहे, गोरेगावातही आहे. आज पत्ता लिहिताना आपण स्टेशनाचे नाव आणि पिनकोड घालतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. पण जुनी पत्रे हातात आली की नुसत्या रस्त्याच्या नावावर विसंबता येत नाही.

नाव इतक्या ठिकाणी का आले, याचे उत्तर सोपे आहे. घाटकोपर, पार्ले ही आधी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरची गावे होती. १९५० साली ती शहरात आली. गोरेगाव आणि मुलुंड १९५७ साली आले. प्रत्येक गावाला आपला एक मुख्य रस्ता होता आणि त्याला गांधी-टिळकांचे नाव असावे असे प्रत्येकालाच वाटत होते. फोर्टातला रस्ता तर त्याआधी एस्प्लनेड रोड म्हणून ओळखला जाई. शहर एक झाले, नावे तशीच राहिली. टपालखात्यापुरता हा प्रश्न पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या विभागाच्या आकड्याने सोडवला: फोर्ट म्हणजे मुंबई १, घाटकोपर पूर्व म्हणजे मुंबई ७७. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तेव्हा हेच आकडे मागे राहिले, म्हणून आज ४००००१ आणि ४०००७७.

आमच्या घरात एका चुलत आजोबांबद्दल जुना सल होता. त्यांची फोर्टात गांधी रोडवर जागा होती, ती भावांना न विचारता सोडून ते घाटकोपरला गेले, असे सगळे मानत. पुरावा म्हणून 'महात्मा गांधी रोड, मुंबई १' असा पत्ता असलेली पत्रे दाखवली जात. गावाहून त्यांना गेलेली नऊ पत्रे आत्याच्या ट्रंकेत होती. ती मी तारखेने लावली.

आधी पुढचा पत्ता पाहिला. चार पत्रांवर मुंबई १ होते, चारांवर मुंबई ७७, एकावर नुसते 'मुंबई'. पण पत्त्यातला आकडा पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो, तो चुकू शकतो. म्हणून टपालाचे शिक्के पाहिले. पत्र जिथून निघाले तिथला शिक्का तिकिटावर असतो. ते जिथे वाटले गेले त्या कचेरीचा शिक्का, उमटला असेल तर, वेगळा असतो आणि तो पत्ता लिहिणाऱ्याच्या हाती नसतो. ७७ च्या तीन पत्रांवर घाटकोपर स्पष्ट वाचता आले, म्हणजे ती खरोखर तिथे पोचली होती.

मग तारखा. सोडलेल्या जागेची गोष्ट खरी असती तर १ ची सगळी पत्रे आधीची आणि ७७ ची नंतरची निघायला हवी होती. तसे नव्हते. मार्च १९६४ मध्ये आठवड्याच्या अंतराने एक पत्र फोर्टात गेले होते, दुसरे घाटकोपरला. पुन्हा ऑगस्टमध्ये तसेच. मुंबई १ च्या चारही पत्त्यांत आजोबांच्या नावाखाली 'केअर ऑफ' करून एका पेढीचे नाव होते. ७७ च्या पत्त्यात पेढी नाही, चाळीचे नाव आणि खोलीचा नंबर. नोकरी फोर्टात आणि बिऱ्हाड घाटकोपरला, दोन्ही गांधी रोडवरच. निदान या पत्रांत तरी फोर्टातले घर कुठेच नाही.

नववे पत्र मी कोणत्याच गठ्ठ्यात टाकले नाही. त्यावर चाळीचे नाव होते खरे, पण मुंबईत चाळींची नावेही रस्त्यांसारखीच पुन्हा पुन्हा येतात, आणि शिक्का पुसट होता.

याची उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. आकडा वेगळा म्हणजे रस्ता वेगळा, असे नेहमी नसते. स्वामी विवेकानंद रोड हा एकच रस्ता, पण वांद्र्याला तो ४०००५० मध्ये असतो आणि अंधेरीला ४०००५८ मध्ये. गोरेगाव पश्चिमेच्या महात्मा गांधी रोडवरचे पत्ते ४०००६२ आणि ४००१०४ अशा दोन्ही पिनांनी लिहिलेले दिसतात. म्हणून दोन आकडे दिसले की आधी नकाशावर रस्ता बोटाने चालून बघावा. बोट न उचलता एका विभागातून दुसऱ्यात जाता आले तर रस्ता एकच. फोर्टातून घाटकोपरला तसे जाता येत नाही, मध्ये अख्खे शहर आहे.

काकांना हे सगळे दाखवले. त्यांनी मार्चची दोन पत्रे बराच वेळ शेजारी शेजारी धरली आणि म्हणाले, "म्हणजे दादा रोज लोकलने जात होते."