तळटीप : इतादाकिमासु

इतादाकिमासु : जेवण सुरू करताना म्हणायचा जपानी उद्गार. मूळ क्रियापद ‘इतादाकु’, जुना अर्थ डोक्यावर ठेवणे. वरिष्ठांनी दिलेली वस्तू डोक्याच्या वर उचलून स्वीकारत, त्यावरून ‘नम्रपणे घेणे’ हा अर्थ रुळला. आपण प्रसाद कपाळाला लावून घेतो, तसेच काहीसे. तरीही अनुवादात ‘प्रार्थना’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. या उद्गारात देवाचे नाव नाही, मागणेही नाही. ‘मी घेतो’ एवढेच. कोणाकडून, ते सांगितलेलेच नाही. रांधणारी आई, भात पिकवणारा शेतकरी, ताटातल्या माशाचा जीव, सगळे त्यात मावतात. भेटवस्तू स्वीकारतानाही हेच क्रियापद वापरतात. त्यामुळे देव न मानणारी नायिका रिकाम्या घरात एकटीच जेवताना हात जोडून हे म्हणते, यात विसंगती नाही.