आचारी, आचार्य आणि शिफ्ट-जे

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहा. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक फक्त ‘र’च्या रूपाचा आहे. ‘आचार्य’ मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो; ‘आचाऱ्यांना’ मधला र य च्या आधी आडवा, चंद्रकोरीसारखा लिहितात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. वारा-वाऱ्यावर, पुरी-पुऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड अशा कितीतरी शब्दांत हा आडवा र आपण नकळत लिहीत असतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे नागरी लिपी संगणकावर आली तेव्हा या आडव्या र साठी जागा कुठून आणायची, हा मराठीपुढचा प्रश्न होता.

टंकलेखन यंत्रावर तो प्रश्नच नव्हता. तिथे अक्षराचे चित्र उमटते. आडव्या र चे चित्र एका कळीवर बसवले की काम झाले. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा सुरुवातीचे फाँट याच कल्पनेवर चालत. प्रत्येक तुकड्याला, म्हणजे काना, अर्धा क, आडवा र यांना, एकेक क्रमांक असे. मात्र हे क्रमांक ज्याचे त्याने ठरवलेले असत. एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे.

यावर उपाय म्हणून भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतावली तयार झाली. तिचे नाव ‘इस्की’. तिची एक आवृत्ती 1988 मध्ये आली आणि 1991 मध्ये तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात चित्रांना नव्हे, वर्णांना क्रमांक दिले होते. ‘र्य’ ला वेगळा क्रमांक नाही; र, हलन्त आणि य हे तीन क्रमांक ओळीने साठवायचे आणि त्यांचे चित्र कसे काढायचे ते फाँटने पाहायचे. आणखी एक गोष्ट म्हणजे, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच तक्ता होता. नागरीतला क आणि तमिळमधला क यांना एकच क्रमांक.

इथेच आपल्या आडव्या र ची सोय झाली. तमिळमध्ये दोन र आहेत. त्यातल्या दुसऱ्यासाठी तक्त्यात जागा ठेवली होती आणि नागरीत तो ‘ऱ’, म्हणजे खाली टिंब दिलेला र, असा लिहायचा होता. मराठीत हे अक्षर सुटे कधी येत नाही. तेव्हा नियम असा झाला की, साध्या र ला हलन्त लावला तर रफार आणि टिंबाच्या ऱ ला हलन्त लावला तर आडवा र. मराठीचा आडवा र तमिळ अक्षराच्या घरात भाडेकरू म्हणून राहायला गेला, असे म्हणायला हरकत नाही. याच वर्णक्रमावर बेतलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर साधा र जे कळीवर आहे आणि ऱ शिफ्ट-जे वर.

1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरी विभाग 1988 च्या इस्कीवरून घेतला होता. र ला 0930, ऱ ला 0931, हलन्ताला 094D असे क्रमांक मिळाले. पण 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत आडव्या र ची रीत वेगळी होती. साधा र, हलन्त आणि त्यापुढे 200D क्रमांकाचे, पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह. पुढे युनिकोडने इस्कीची ऱ ची रीत नियमात घेतली, पण जुना मजकूर बिघडू नये म्हणून जोडचिन्हाची रीतही चालू ठेवली. परिणामी आजही एकाच दिसणाऱ्या शब्दाची दोन आतली लेखने आहेत.

हे नियम कळणारी यंत्रणा सामान्य संगणकावर आली ती विंडोज 2000 बरोबर. तिच्यातला ‘मंगल’ हा नागरी फाँट मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला होता. 2001 च्या विंडोज एक्सपीत मात्र जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीच्या फाइली मूळ सीडीवरून वेगळ्या बसवाव्या लागत. आता ती खटपट राहिलेली नाही. विंडोज 11 मध्ये `Settings`, `Time & language`, `Language & region`, `Add a language` या वाटेने मराठी निवडली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदल करता येतो. डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर फाँट आणि लेखनपद्धती अशा बसवाव्यात:

```
sudo apt install ibus-m17n fonts-lohit-deva
```

मग एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा आणि `Settings` मधल्या `Keyboard` विभागात `Input Sources` खाली मराठीची `inscript` असे नाव असलेली पद्धत जोडावी.

बसवल्यावर पहिली परीक्षा ‘दऱ्या’ या शब्दाची घ्यावी. इन्स्क्रिप्टवर o, शिफ्ट-j, d, / आणि e या कळा ओळीने दाबल्या की द, ऱ, हलन्त, य आणि काना उमटतात. शिफ्ट विसरलात तर ‘दर्या’ होईल. क्रम बरोबर असूनही टिंबाचा ऱ आणि त्याखाली उघडा हलन्त दिसला, तर दोष तुमच्या बोटांचा नाही. त्या फाँटमध्ये आडव्या र चे चित्र नाही. फाँट बदलून पाहावा.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. गावांच्या नावांची एक यादी आमच्यापैकी तिघांनी मिळून भरली होती. त्यात ‘कऱ्हाड’ शोधले, तर समोर दिसत असलेल्या काही नोंदी सापडेनात. एकाने उच्चारावरून लिहिण्याची पद्धत वापरली होती आणि ती जोडचिन्ह घालत होती. हे ओळखायला तक्त्याच्या कोणत्याही प्रणालीत `=LEN(A1)` हे सूत्र पुरते. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड असे 6 वर्ण आले तर लेखन इस्कीच्या रीतीचे. 7 आले तर मध्ये जोडचिन्ह आहे. एखाद्या प्रणालीने ‘अनावश्यक’ समजून ते चिन्ह काढून टाकले, तर शब्दाचा ‘कर्हाड’ होतो. आकडा पुन्हा 6 येतो, पण तेव्हा रफार डोळ्यांनाच दिसतो.

आम्ही सगळ्या नोंदी या सूत्राने एका रीतीत आणल्या:

```
=SUBSTITUTE(A1,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

यातले आकडे म्हणजे वरचेच क्रमांक, दशमान पद्धतीत. 2352 म्हणजे र, 2381 हलन्त, 8205 जोडचिन्ह, 2353 ऱ. जोडचिन्ह आधीच गळून पडलेल्या शब्दांना मात्र हे सूत्र लागू पडत नाही. ‘दर्या’ हा मुळातच समुद्र आहे की जोडचिन्ह हरवलेल्या दऱ्या, हे संगणकाला कळायला मार्ग नाही. ते वाक्य वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

शाळेच्या नोंदवहीत मोऱ्यांचे, गोऱ्ह्यांचे किंवा कऱ्हाडकरांचे नाव भरायचे असेल, तर सुरुवातीलाच सर्वांनी एक रीत ठरवावी. आमचा कौल शिफ्ट-जे ला आहे. तिथे जे साठवले जाते, ते निदान एका दिसणाऱ्या कळीवर तरी आहे.