डिअर सर की डिअर मॅडम?

परवा नातीने तिच्या इंग्रजी ईमेलचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. "आजी, तुझ्या शिक्षिकेच्या नजरेने बघ आणि पुन्हा लिहून दे." इटलीतल्या एका प्राध्यापकांना पत्र होते, नाव अँड्रिया. सुरुवात 'रिस्पेक्टेड मॅडम' अशी. मजकूर मी नीट केला, पण मायन्यापाशी अडले. जर्मनीत अँड्रिया हे बाईचे नाव, पण इटलीत पुरुषाचे! आपल्याकडच्या 'किरण'सारखीच गत.

मंडळी, हा घोळ जुना आहे. इंग्रजीत पुरुषाला 'मिस्टर' लिहिले की झाले. बाईला मात्र 'मिस' की 'मिसेस', म्हणजे तिचे लग्न झाले आहे का, हे आधी ठाऊक हवे. १९०१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने यावर तोडगा सुचवला: दोन्हींना चालेल असे 'मिझ'. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. १९६१ मध्ये शीला मायकल्स यांना मैत्रिणीच्या टपालावर ही अक्षरे दिसली. आधी त्यांना ती छपाईची चूक वाटली, मग त्यांनी तिचाच प्रचार केला. न्यूयॉर्क टाइम्सने 'मिझ' स्वीकारायला १९८६ साल उजाडले.

मला हे परके वाटत नाही. मी 'कु.' होते, मग 'सौ.' झाले. हे गेल्यानंतर महिनाभरात एक पाकीट आले, त्यावर 'गं. भा.' मजकूर साधाच होता, पण तो वाचायच्या आधीच डोळे भरून आले. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. रीतच तशी होती. त्या दिवशी 'श्रीमती' लिहिले असते, तर काय बिघडले असते?

नावाच्या क्रमाचेही तसेच. चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंग यांचे आडनाव याओ, म्हणून 'मिस्टर मिंग' चूक. हंगेरीतही आडनाव आधी येते. जपानी लोक इंग्रजीत बहुधा नाव उलटे करून लिहीत, पण १ जानेवारी २०२० पासून तिथल्या सरकारने आपल्या इंग्रजी कागदपत्रांत आडनाव पुढे घेतले. त्यामुळे नुसते नाव पाहून क्रम ओळखता येत नाही.

शेवटी नातीला म्हटले, "आधी त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर पद बघ. पद कळले की स्त्री की पुरुष हे कळायची गरजच नाही, 'डिअर प्रोफेसर' दोघांनाही चालते. आडनाव कुठले याची खात्री नसेल, तर नाव तोडू नकोस, छापले आहे तसे पूर्ण लिही. पदही कळले नाही, तर नुसते 'डिअर' आणि पूर्ण नाव. थोडे कोरडे वाटेल, पण चुकीचे होणार नाही. आणि उत्तर आले की खालची सही बघ, पुढच्या पत्रात तेच नाव घे."

'रिस्पेक्टेड' मी खोडले. आपल्या 'आदरणीय'चे ते भाषांतर, इंग्रजी पत्रात 'डिअर' पुरते.

चार दिवसांनी उत्तर आले. पुरुषच होते!