बरखास्त कार्यालयाचे सूत्र : परकीय गुंतवणूकदारास भागवाटप, किंमतनिश्चिती व विवरणपत्रे

प्रस्तावना

परकीय गुंतवणूकदाराने भारतीय कंपनीत पैसा आणला, म्हणजे त्यास भाग कोणत्या किमतीस द्यावयाचे, हा प्रश्न वरकरणी उभयतांच्या सौद्याचा वाटतो. भारतात मात्र तो गेली कित्येक दशके कायद्याचा प्रश्न राहिला आहे. प्रस्तुत लेखात या किंमतनियमाच्या इतिहासातील एकाच धाग्याचा मागोवा घेतला आहे. भांडवल उभारणीवरील नियंत्रणाच्या काळात भागांची किंमत फार चढू नये म्हणून सरकार दक्ष होते. त्याच काळात घडलेले मूल्यांकनाचे सूत्र पुढे, ते कार्यालय बरखास्त झाल्यानंतरही, भागांची किंमत फार उतरू नये म्हणून वापरले गेले. सूत्र तेच राहिले, पण त्याचे प्रयोजन उलटे झाले. भागवाटपानंतर दाखल करावयाची विवरणपत्रेही याच प्रयोजनाच्या संदर्भात वाचली पाहिजेत.

नियंत्रकाचे कार्यालय

भांडवल उभारणीवरील नियंत्रण हे मुळात युद्धकालीन अपत्य होय. १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली ते सुरू झाले आणि युद्ध संपल्यावर १९४७ च्या कायद्याने ते पुढे चालू ठेवले. अर्थ मंत्रालयातील भांडवल उभारणी नियंत्रक हा अधिकारी कोणत्या कंपनीने किती भाग काढावेत आणि त्यांवर किती अधिमूल्य आकारावे, हे ठरवीत असे. सामान्य गुंतवणूकदारास महागडे भाग गळ्यात मारले जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे फेराने, या अधिकारास एक अनपेक्षित धार आणली. कायद्याच्या कलम २९ नुसार बहुसंख्य परकीय कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला. त्यासाठी त्यांनी भारतीय जनतेस भाग विकले, तेव्हा किमतीवर नियंत्रकाचा अंकुश होताच. अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांचा भागबाजाराशी पहिला परिचय या स्वस्त भागांमुळे झाला.

नियंत्रकाच्या कार्यालयाने जुलै १९९० मध्ये मूल्यांकनाची जी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांचा गाभा सोपा होता. प्रथम कंपनीच्या ताळेबंदावरून प्रतिभाग निव्वळ मालमत्ता मूल्य काढावयाचे. नंतर मागील तीन वर्षांच्या करोत्तर नफ्याची सरासरी घेऊन तिचे ठराविक दराने भांडवलीकरण करावयाचे. हा दर उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के, व्यापारी कंपन्यांसाठी २० टक्के आणि मधल्या प्रकारच्या कंपन्यांसाठी १७.५ टक्के होता. या दोन आकड्यांची सरासरी म्हणजे भागाचे वाजवी मूल्य. बाजारभाव उपलब्ध असेल तर त्याच्याशी तुलना करण्याची सोयही होती, पण हिशेबाचा कणा हाच.

भिंत फिरली

२९ मे १९९२ रोजी अध्यादेशाद्वारे १९४७ चा कायदा रद्द झाला आणि नियंत्रकाचे कार्यालय इतिहासजमा झाले. १९९१ च्या धोरणानुसार परकीय कंपन्यांना आता ५१ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येऊ लागला होता. फेराच्या काळात हिस्सा गमावलेल्या काही पालक कंपन्यांनी आपल्या भारतीय कंपन्यांकडून स्वतःस प्राधान्याने भाग वाटून घेतले, आणि तेही बाजारभावाच्या अल्पशा अंशाने. अंकुश गेला होता आणि त्याच्या जागी काहीच नव्हते. नोंदणीकृत कंपन्यांपुरती ही वाट सेबीने १९९४ मध्ये बाजारभावाच्या सरासरीशी किंमत बांधून बंद केली. अनोंदणीकृत कंपन्यांच्या भागांना बाजारभावच नसतो. त्यांचे काय?

उत्तर नव्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याबरोबर आले. हा कायदा, म्हणजे फेमा, १ जून २००० पासून अमलात आला. त्याखालील ३ मे २००० च्या विनियमांत असे ठरले की, अनोंदणीकृत कंपनीने परदेशस्थ व्यक्तीस द्यावयाच्या भागांची किंमत सनदी लेखापालाने पूर्वीच्या भांडवल उभारणी नियंत्रकाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे काढलेल्या मूल्यापेक्षा कमी असू नये. ज्याचे कार्यालय आठ वर्षांपूर्वी बंद झाले, त्याचे सूत्र अशा रीतीने पुन्हा कायद्यात प्रविष्ट झाले आणि २०१० पर्यंत टिकले. प्रशासनाच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळा आहेत.

या सूत्राची मर्यादा आकड्यांनी स्पष्ट होते. समजा, एका जुन्या कारखानदार कंपनीचे मालमत्ता मूल्य प्रतिभाग ४० रुपये आहे आणि तीन वर्षांचा सरासरी नफा प्रतिभाग १२ रुपये आहे. १५ टक्क्यांनी भांडवलीकरण केले असता ८० रुपये येतात, आणि सरासरी ६० रुपये. हे मूल्य कोणासही पटण्याजोगे आहे. आता एका नवीन संगणक-सेवा कंपनीचा विचार करू. तिच्याजवळ यंत्रसामग्री नाही, मालमत्ता मूल्य १२ रुपये आहे आणि सरासरी नफा दीड रुपया. मधला, म्हणजे १७.५ टक्क्यांचा दर लावल्यास नफाक्षमता मूल्य सुमारे ८ रुपये ५७ पैसे येते व सरासरी जेमतेम १० रुपये २९ पैसे. कंपनीचे खरे मोल तिच्या पुढील पाच वर्षांच्या कामांत असले, तरी सूत्र केवळ मागे पाहते. गुंतवणूकदार स्वखुशीने ९० रुपये देत असेल तर अडचण नाही, कारण नियम केवळ किमान मर्यादेचा होता. परंतु पालक कंपनी आणि तिची भारतीय कंपनी यांच्यात सौदा असेल, तर किमान हीच किंमत ठरण्याचा मोह स्वाभाविक होता.

व्होडाफोन प्रकरण

या मोहाची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात लागली. ऑगस्ट २००८ मध्ये व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या परदेशस्थ धारक कंपनीस २,८९,२२४ समभाग दिले. दर्शनी किंमत १० रुपये आणि अधिमूल्य ८,५०९ रुपये, म्हणजे प्रतिभाग ८,५१९ रुपये. एकूण रक्कम सुमारे २४६ कोटी रुपये झाली. ही किंमत नियंत्रकाच्या पद्धतीनुसारच काढलेली होती. आयकर खात्याने मात्र प्रतिभाग ५३,७७५ रुपये हे मूल्य धरले. प्रतिभाग ४५,२५६ रुपयांचा फरक २,८९,२२४ भागांनी गुणला असता सुमारे १,३०९ कोटी रुपये होतात. इतके उत्पन्न कंपनीने सोडून दिले, ते धारक कंपनीस दिलेले कर्जच होय आणि त्यावर व्याजही धरले पाहिजे, असा खात्याचा पवित्रा होता.

१० ऑक्टोबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय कंपनीच्या बाजूने दिला. न्यायालयाने कोणते मूल्यांकन बरोबर, याचा निवाडा केला नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. भागांवरील अधिमूल्य ही भांडवली जमा आहे, ते उत्पन्न नव्हे. आणि उत्पन्नच नसेल तर हस्तांतर-किंमतीच्या तरतुदी लागू होत नाहीत, एवढेच न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अपील न करण्याचे ठरविले. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचे खरे मोल करविषयक तत्त्वात जितके आहे, तितकेच दोन आकड्यांतील सहापटीहून अधिक अंतरात आहे. ‘वाजवी मूल्य’ हे पद किती लवचिक आहे, याचा तो लेखी पुरावा आहे.

सूत्राची निवृत्ती आणि उलट बाजूचा कर

न्यायालयाचा निर्णय लागेपर्यंत ते सूत्र निवृत्त झालेले होते. एप्रिल २०१० मध्ये त्याच्या जागी भावी रोख प्रवाहाचे वर्तमान मूल्य काढण्याची पद्धत आली. मागे पाहणारा नियम आता पुढे पाहू लागला. जुलै २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य अशी कोणतीही पद्धत चालते. १७ ऑक्टोबर २०१९ च्या बिगर-कर्ज साधन नियमांनीही हेच कायम ठेवले. प्रमाणपत्र सनदी लेखापाल, सेबीकडे नोंदलेला मर्चंट बँकर किंवा व्यवसायरत परिव्यय लेखापाल यांपैकी कोणीही देऊ शकतो.

मधल्या काळात एक विचित्र स्थिती उद्भवली. २०१२ मध्ये आयकर कायद्यात आलेल्या तरतुदीनुसार खासगी कंपनीने वाजवी मूल्यापेक्षा अधिक किमतीस भाग दिले, तर अधिक रकमेवर कर बसे. परदेशस्थ गुंतवणूकदार प्रारंभी यातून वगळलेले होते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्यांनाही गोवले. म्हणजे फेमा म्हणे किंमत यापेक्षा खाली नको आणि आयकर म्हणे यापेक्षा वर नको. २०२४ मध्ये ही करतरतूदच निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून काढून टाकण्यात आली. किमान मर्यादा तेवढी उरली.

भागवाटपानंतरची विवरणपत्रे

किमान किमतीचा नियम पाळला गेला की नाही, हे पूर्वपरवानगीच्या काळात आधीच तपासले जाई. स्वयंचलित मार्ग रूढ झाल्यावर तपासणी वाटपानंतर गेली. म्हणून विवरणपत्र हे केवळ नोंदीचे साधन राहिले नाही, त्याने परवानगीची जागा घेतली.

आजचा क्रम एका उदाहरणाने पाहू. परदेशातून २ कोटी रुपये ३ एप्रिल रोजी खासगी कंपनीच्या खात्यात आले. ६० दिवसांच्या आत, म्हणजे २ जूनपर्यंत भाग वाटले पाहिजेत. नाहीतर पुढील १५ दिवसांत रक्कम परत करावयाची. (२००७ मध्ये ही मुदत १८० दिवसांची होती.) समजा, २० मे रोजी संचालक मंडळाने वाटप केले. खासगी वाटपाच्या बाबतीत कंपनी निबंधकाकडे पी.ए.एस.-३ हे विवरणपत्र १५ दिवसांत, म्हणजे ४ जूनपर्यंत जाते आणि ते दाखल होईपर्यंत कंपनीस तो पैसा वापरता येत नाही. रिझर्व्ह बँकेसाठीचे एफ.सी.-जी.पी.आर. ३० दिवसांत, म्हणजे १९ जूनपर्यंत. २०१८ पासून ते बँकेच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावर एकत्रित अर्जाच्या रूपाने भरले जाते. अधिकृत व्यापारी बँक ते तपासते. सोबत पैसा आल्याचा दाखला, गुंतवणूकदाराच्या ओळखीचा अहवाल, कंपनी सचिवाचे प्रमाणपत्र आणि मूल्यांकन प्रमाणपत्र लागते. याखेरीज परकीय देणी व मालमत्तांचे वार्षिक विवरण दरवर्षी १५ जुलैपर्यंत द्यावयाचे असते.

उशीर झाल्यास ३० सप्टेंबर २०२२ च्या सूत्राप्रमाणे ७,५०० रुपये अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले विलंबाची वर्षे इतके शुल्क पडते. वरील उदाहरणात सहा महिने उशीर झाला, तर २,५०० रुपये मिळवून एकूण १०,००० रुपये. शुल्क भरून सुटण्याची सोय देय तारखेपासून तीन वर्षेच असते. त्यानंतर तडजोडीच्या प्रक्रियेस सामोरे जावे लागते. मात्र हे शुल्क विलंबाचे आहे. किमान मूल्यापेक्षा कमी किमतीस भाग दिले असतील, तर तो नियमभंग शुल्काने धुतला जात नाही.

चूक बहुधा तारखांतून उघडकीस येते. मूल्यांकन प्रमाणपत्राची तारीख संचालक मंडळाच्या ठरावानंतरची असेल, तर किंमत आधी ठरली आणि आधार नंतर शोधला, हे उघड होते. दोन विवरणपत्रांत भागांची संख्या किंवा अधिमूल्य जुळत नसेल, तर बँक अर्ज परत पाठविते. पैसा गुंतवणूकदाराऐवजी तिसऱ्याच खात्यातून आला असेल, तर त्याचा खुलासा मागितला जातो. कंपन्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास यांतील पी.ए.एस.-३ हे कागद कंपनी निबंधकाकडे शुल्क भरून पाहता येतात. वाटपाची तारीख, भागांची संख्या व अधिमूल्य त्यांत मिळते. रिझर्व्ह बँकेकडील प्रत मात्र सार्वजनिक नाही, आणि मूल्यांकन प्रमाणपत्र तिच्याच सोबत असते. भाग किती रुपयांस दिले हे संशोधकास कळते. तेवढ्यासच का दिले, हे सांगणारा कागद बँकेच्या दप्तरात राहतो.